भिंतीची चव

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. रेवदंड्याला आमचं घर नारळी-पोफळीच्या वाडीत होतं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरात माणसं चारच. मामंजी, सासूबाई, हे आणि मी. मामंजी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि आता पेन्शन घेत होते. हे गावातल्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवत. घरातली प्रत्येक गोष्ट मामंजी हुकुमाने चालवत आणि हे प्रयोगाने. सासूबाई मात्र घर खरोखर चालवत.

श्रावणात एका सकाळी शाळेत कसला तरी समारंभ होता, म्हणून यांनी लग्नातला काळा कोट मागितला. आमच्या निजायच्या खोलीत भिंतीतच बसवलेलं लाकडी दारांचं फडताळ होतं. त्याच्या खालच्या दोन खणांत आमचे कपडे असत. मी दार उघडलं आणि कोट बाहेर काढला, तर त्याला चांगली बोटभर हिरवट दाढी आलेली. खांद्यावर, कॉलरवर, बाह्यांवर, सगळीकडे बुरा. माझा शालू कडेकडेने ठिपक्याठिपक्यांचा झाला होता. यांच्या कातडी चपला तर मला आधी ओळखूच आल्या नाहीत. दोन केसाळ प्राणी शेजारी शेजारी झोपले आहेत असं वाटलं.

यांनी कोट हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि जवळून निरीक्षण करता यावं म्हणून त्यावर जोरात फुंकर मारली. पुढची दहा मिनिटं हे शिंकत होते. शेवटी धोतरावर नुसता सदरा घालून समारंभाला गेले आणि तिथेही शिंकले.

"बुरा घरात झाडायचा नसतो," सासूबाई मला म्हणाल्या. "उडतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो. ओल्या फडक्याने टिपायचा आणि फडकं उकळायचं."

त्या दिवशी ऊन पडलं तेवढ्या वेळात आम्ही दोघींनी खण रिकामे केले. सोड्याच्या गरम पाण्याने फळ्या घासल्या, पुसल्या, दारं सताड उघडी ठेवली. कपडे अंगणात नेऊन दोरीवर घातले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फडताळाच्या बाजूला, छातीच्या उंचीपासून वरपर्यंत, भिंतीवर ओलीचा एक मोठा डाग आहे. त्याचा आकार नाकासारखा होता. सासूबाईंनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

"आमच्या थोरल्या वन्संचं नाक," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मामंजींनी डाग पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. दुपारी त्यांनी फडताळाच्या दारावर खळीने एक कागद चिकटवला. त्यांचे हुकूम नेहमी असेच निघत. कचेरी सुटली होती, पण भाषा सुटली नव्हती. कागदावर लिहिलं होतं: 'सदरहू खोलीत ओले केस सोडून बसण्यास मनाई आहे. ओले कपडे, पाण्याचे तांबे व तत्सम वस्तू खोलीत आणू नयेत. खिडकी दिवसा उघडी राहील. वरच्या खणास कोणी हात लावू नये, त्यात पेन्शनीचे कागद आहेत.'

वरचा खण मामंजींचा होता. लग्नापूर्वी ती खोली त्यांची होती. आमचं लग्न झालं तसे ते पडवीत आले, पण घरात कुलूप लागणारी जागा तेवढी एकच, म्हणून तो खण त्यांनी स्वतःकडे ठेवला. त्याची चावी त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. ते वाकले की ती खांबाला, ताटाला, कशालाही किणकिणे.

हुकुमातला केसांचा मुद्दा मला उद्देशून होता. माझे केस लांब होते आणि पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळत नसत, हे खरं. मी निमूटपणे स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून केस वाळवू लागले. केसांना धुराचा वास लागला, डाग मात्र होता तसाच राहिला. उलट आठ दिवसांनी हुकुमाच्या कागदाभोवती, जिथे खळ लागली होती तिथे, काळ्या बुऱ्याची सुंदर चौकट उमटली. सासूबाई म्हणाल्या, "हुकूम लागू झालेला दिसतो."

मग यांनी प्रकरण हातात घेतलं.

यांचं म्हणणं असं, की ओल तीनच ठिकाणांहून येऊ शकते. वरून, खालून किंवा हवेतून. एकेक शक्यता काटत गेलं की उरते ती खरी. मला हे पटलं. शाळेतल्या फळ्यासमोर बसल्यासारखी मी बिछान्यावर बसून ऐकत असे.

आधी हवा. यांनी माझा आरसा घेतला, माहेरून आलेला, आणि डागावर ठेवून कडा मेणाने बंद केल्या. आरशाला पुढच्या बाजूने पाणी सुटलं तर ओल खोलीतल्या हवेतली, मागच्या बाजूने सुटलं तर भिंतीच्या आतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा खाली पडलेला सापडला. चार तुकडे झाले होते. हे गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा उलटून पाहत होते.

"मागून ओला आहे," हे आनंदाने म्हणाले. "म्हणजे भिंतीतून येतं."

"आरसा फुटला," मी म्हटलं.

"प्रयोगाला त्याने काही बाधा येत नाही."

मग खाली. जमिनीतून ओल चढत असती तर भिंत पायथ्याशी सर्वांत ओली असायला हवी होती. पण जमिनीपासून छातीपर्यंत भिंत बऱ्यापैकी कोरडी होती. तरी यांचा भरवसा बसेना. त्या भिंतीच्या मागून वाडीचा पाट जात असे. पाऊस सरला की रहाटाचं पाणी त्यातून पोफळींना सोडायचं. आश्विनात पाणी सुरू होताच यांनी पाट दुसरीकडे वळवून घेतला. आठ दिवस त्या बाजूच्या पोफळींना पाणी मिळालं नाही. पोफळी माना टाकू लागल्या आणि थोरल्या वन्संचं नाक तसंच ओलं. मामंजींनी पाट पूर्ववत करण्याचा हुकूम काढला. तो त्यांनी या वेळी खिळ्याने ठोकला.

राहिलं छप्पर. पावसाळ्यात हे वर चढणार होते, पण सासूबाईंनी शिडी लपवली होती. आता यांनी ती शोधून काढली. धोतराचा काचा मारून हे कौलांवर चढले. मी खोलीत डागाखाली उभी राहायचं आणि हे वरून पाणी ओतणार, असं ठरलं. पाणी कुठे उतरतं ते मी सांगायचं.

"आलं का?" वरून आवाज.

"नाही."

आणखी एक घागर.

"आता?"

"नाही आलं. भिंतीला एक थेंब नाही."

मग हे दुसरीकडून पाहण्यासाठी सरकले, आणि नळीची तीन कौलं फुटून यांचा एक पाय पोटरीपर्यंत खोलीत आला. बरोबर बिछान्याच्या वर. पाठोपाठ उरलेली घागर. त्या दिवसापर्यंत आमचं छप्पर गळत नव्हतं. त्या दिवसापासून गळू लागलं.

एवढं सगळं होईपर्यंत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली होती. बिछान्याच्या त्या बाजूला मी निजत असे, त्यामुळे सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन नाकाचंच. ज्या दिवशी समुद्राकडून दमट वारा असे, त्या दिवशी ते काळंभोर ओलं. ज्या दिवशी डोंगराकडून कोरडं वारं सुटे, त्या दिवशी दुपारपर्यंत ते फिकं होई आणि त्यावर पांढरी, कापसासारखी भुरी येई. पाऊस पडो न पडो. हे मी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग हवेतूनच येतंय असं होईल, आणि ते तर आपण काटलं आहे."  दोन दिवसांनी यांनी हेच वहीत लिहून ठेवलेलं मला दिसलं, 'निरीक्षण' म्हणून.

कौलं बसवायला माणूस हवाच होता, म्हणून सासूबाईंनी गवंड्याला बोलावणं पाठवलं. हा गवंडी खाडीपलीकडच्या आगरी वस्तीतला. त्याचे वडील मिठागरावर होते, हा चुन्याच्या घाण्यावर वाढला. साठीचा असेल. बोलायला सावकाश, चालायला त्याहून सावकाश. त्याने कौलं बसवली, खाली उतरला आणि पाणी प्यायला दारात बसला. मामंजी पडवीत झोपाळ्यावर होते. सासूबाई म्हणाल्या, "आलाच आहेस तर आत ती भिंत बघून जा."

"भिंतीचं काम माझा मुलगा बघतो आहे," मामंजी घाईने म्हणाले.

"म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या.

गवंडी खोलीत आला. त्याने हे काय सांगताहेत ते सगळं ऐकून घेतलं: आरसा, पाट, घागरी. मधूनमधून "व्हय" म्हणत होता. मग त्याने भिंतीवरची पांढरी भुरी बोटाने टिपली आणि बोट तोंडात घातलं.

आम्ही तिघं बघत राहिलो. तो चघळल्यासारखं करत होता.

"हा बुरा न्हाय, मास्तर," तो म्हणाला. "लोणा हाय. बुरा पुसला तर डाग मागं ऱ्हातो. ह्यो पान्यात इरगळतो. खारट हाय."

"शक्य नाही," हे म्हणाले आणि त्यांनीही बोट लावून चाटलं. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "सोडियम." सासूबाईंनी चाटलं आणि म्हणाल्या, "मीठ." मग मीही चाटलं. कोणी त्या वेळी पाहुणं आलं असतं, तर चार मोठी माणसं भिंत चाटताहेत हे बघून उंबऱ्यावरूनच परत गेलं असतं.

गवंड्याने सांगितलं ते असं. भिंतीत मीठ शिरलं की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. हवा दमट झाली की भिंत भिजते, कोरडी झाली की मीठ फुलून वर येतं. भिजलेल्या भिंतीला लागून फडताळ, त्यात कपडे कोंबलेले, दारं बंद, वारा नाही. मग आतली हवा कोंदते आणि कपड्यांवर बुरा धरतो. "भिंतीवर बुरा का न्हाय? तिथं मीठ लई हाय. बुऱ्यालाबी मीठ सोसत न्हाय." पुष्कळदा लोक गिलाव्यात समुद्राची वाळू घालतात, त्याने असं होतं.

आता मामंजी दारात येऊन उभे राहिले होते.

"हे घर मी समोर उभं राहून बांधून घेतलं आहे," ते म्हणाले. "नदीची वाळू. विहिरीचं गोडं पाणी."

"खरं हाय रावसाब. बाकीच्या भिंती गोड्या हायेत." गवंड्याने सिद्ध करण्यासाठी समोरच्या भिंतीचीही चव घेतली. "मंग मीठ हितंच कुठून आलं?"

तो बोट लावत, चाखत वर चढू लागला. छातीच्या उंचीवर खारट. डोक्याच्या उंचीवर जास्त खारट. मग त्याने स्टूल मागितलं. स्टुलावर चढून त्याने फडताळाच्या वरच्या खणालगतची भिंत चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"हितनं येतंय. वरचा खन उघडा, रावसाब."

"त्यात पेन्शनीचे कागद आहेत."

"कागद खारट नसत्यात."

 मामंजींच्या तोंडावर असा भाव आला, जसा कचेरीत कुणी चुकीच्या खिडकीशी अर्ज घेऊन आल्यावर येत असेल. मग ते म्हणाले, "उद्या बघू." मग म्हणाले, "चावी हरवली आहे." असं म्हणताना ते किंचित वाकले आणि चावी दाराच्या कडीवर वाजली.

"द्या ती इकडे," सासूबाई म्हणाल्या.

खण उघडला. पुढे पेन्शनीचे कागद होते, भिजून एकमेकांना चिकटलेले. त्यांच्या मागे विलायती बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा. झाकणावर फुलांची टोपी घातलेली मडम होती, गंजाने तिचा अर्धा चेहरा खाल्ला होता. गवंड्याने डबा उचलला, तेव्हा वरचा भाग हातात आला आणि बूड खणातच राहिलं. बुडावर फडक्याची एक ओलीचिंब पुरचुंडी होती. तिच्यातून पाणी झिरपून फळीवर, फळीवरून मागच्या भिंतीत उतरलं होतं.

सासूबाईंनी गाठ सोडली. आत दोन-अडीच शेर खडेमीठ होतं. करडं, मळकट, आमच्या किनाऱ्यावरचं.

 त्या उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्यावर लोक कायदा मोडून मीठ उचलत होते आणि शिपाई त्यांना धरत होते, हे सांगायला नकोच. तेव्हा मामंजी रोज पडवीत बसून म्हणत, की ही पोरकट थेरं आहेत, सरकारचं मीठ सरकारला विचारून घ्यावं. यांनी जेवताना त्यावर एकदा मत मांडलं, तर त्यांना ताटावरून उठायला सांगितलं होतं.

मामंजी बिछान्याच्या कडेवर बसले.

"मी बघायला गेलो होतो," ते म्हणाले. "नुसतं बघायला. नापसंती दाखवायला कुणीतरी तिथे असावं, म्हणून. एका बाईने ही पुरचुंडी माझ्या हातात दिली. म्हणाली, दादा, जरा धरा, लुगडं सावरते. तेवढ्यात शिपाई आले आणि बाई पळाली."

"मग?" यांनी विचारलं.

"मग काय. मी सरकारी पेन्शनर, हातात बेकायदा मीठ. टाकलं तर शिपाई बघणार. शिपायाला दिलं तर नाव लिहून घेणार. उपरण्याखाली धरलं आणि घरी आलो. वाटेत तोच शिपाई भेटला. त्याने मला रामराम केला."

"आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात का नाही टाकलंत?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

मामंजी बराच वेळ खिशातलं काहीतरी शोधत राहिले. खिशात काही नव्हतं.

"दोनदा निघालो होतो," ते म्हणाले. "टाकवलं नाही. मग कधीमधी एखादा खडा जिभेवर ठेवायचो. बरं लागायचं."

मी पदर तोंडावर धरला, कारण मला हसू येत होतं आणि रडूही. हे वडिलांकडे असे बघत होते, जसे त्यांनी त्या माणसाला पहिल्यांदाच पाहिलं असावं. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही तिथे आवळापाक लपवता. बारा वर्षं तुम्हाला वैद्याने गोड बंद केलंय, म्हणून मी विचारलं नाही."

गवंडी एवढा वेळ स्टुलावर उभा होता. त्याने पुरचुंडीतला एक खडा उचलून चाखला. "चांगलं हाय," तो म्हणाला. "आमच्या खाडीचं."

मग काम सुरू झालं. गवंड्याने डागाच्या चारी बाजूंनी हातभर जास्तीचा गिलावा दगडापर्यंत खरवडून काढला आणि सगळा चुरा टोपल्यांनी वाडीबाहेर नेऊन टाकला. "घरात ठेवला तर परत मीठ फिरंल," तो म्हणे. उघड्या दगडांवर त्याने भिजवलेल्या मातीचा जाड लेप दिला. माती वाळताना भिंतीतलं मीठ स्वतःत ओढून घेते. ती वाळून तडकली की काढायची आणि नवा लेप द्यायचा. असे तीन लेप झाले. मामंजी रोज खुर्ची टाकून लेपासमोर बसत आणि आल्यागेल्याला भिंतीची प्रकृती सांगत. मार्गशीर्षात हवा चांगली कोरडी झाल्यावर नदीच्या वाळूचा आणि चुन्याचा नवा गिलावा झाला, वर चुन्याचे दोन हात. फडताळाच्या फळ्या मागच्या भिंतीपासून बोटभर सुटतील अशा कापल्या, दारांना वर-खाली भोकं पाडली. कपडे कडकडीत वाळल्याशिवाय आत ठेवायचे नाहीत असा एक हुकूम निघाला. तो मी स्वतः लिहिला. मामंजींनी त्यात दोन ठिकाणी 'सदरहू' घातलं आणि खाली सही केली.

यांचा कोट उन्हात घालून, मऊ कुंचल्याने अंगणातच झाडून पुष्कळसा सुधारला. कॉलरवर हिरवट छटा राहिली. शालूवरचे ठिपके गेले नाहीत. विचारणाऱ्यांना मी तो नक्षीचाच भाग आहे असं सांगत असे, आणि दोघींनी तसा शालू कुठे मिळतो हे विचारलंही.

मीठ गंजाने तळाशी तांबूस झालं होतं. सासूबाईंनी वरचं चांगलं तेवढं वेगळं काढलं, उन्हात वाळवलं आणि घट्ट बुचाच्या काचेच्या बरणीत भरलं. लेप चालू असतानाच आलेल्या दिवाळीत, पहिल्या पानावर त्यांनी प्रत्येकाला त्यातलं चिमूटभर वाढलं. मामंजींनी आधी मान खाली घातली, मग ते सगळं मीठ भातावर घेतलं. त्यांचं जेवण त्या दिवशी नक्कीच खारट झालं असणार, पण त्यांनी पानात काही टाकलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली. फक्त वरच्या खणाच्या कोपऱ्याखाली, दोन बोटं रुंद, एवढीच जागा दमट हवेत ओलसर होई. गवंडी म्हणाला होता, की एखादा खडा दगडाच्या सांध्यात राहिला असेल, त्याला आता काही इलाज नाही, अधूनमधून कोरड्या कुंचल्याने झाडा. मामंजी रोज सकाळी आमच्या दारावर टकटक करत, आत येऊन त्या जागेवर तळवा ठेवत आणि ती ओलसर लागली की ओसरीवर चपला घालणाऱ्या आपल्या मुलाला सांगत, की आज छत्री घेऊन जा. हे वहीत लिहून ठेवत. पहिल्या महिन्यात मामंजींचा अंदाज बावीसदा बरोबर निघाला. हे म्हणाले, तो योगायोग असू शकतो. पण छत्री नेत.